‘टीएमटी पॉझिटिव्ह’ आल्यानंतर: एका शिक्षिकेचं प्रकरण

(ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. वैद्यकीय निष्कर्ष आणि निर्णयांचा क्रम जसा घडला तसाच ठेवला आहे.)

पार्श्वभूमी

रुग्ण ५२ वर्षांच्या, सातारा जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत शिकवणाऱ्या. गावात त्यांना सगळे ‘बाई’ म्हणतात, म्हणून इथेही तसंच म्हणतो. सहा वर्षांपासून मधुमेह, मेटफॉर्मिनवर साखर बऱ्यापैकी आटोक्यात. रक्तदाबासाठी अ‍ॅम्लोडिपिन. तंबाखू वगैरे काही नाही. वडिलांना अडुसष्टाव्या वर्षी हृदयविकाराचा झटका आला होता.

तीन-चार महिन्यांपासून दुसऱ्या मजल्यावरच्या वर्गापर्यंत जिना चढताना दम लागायचा आणि छातीत डावीकडे भरून आल्यासारखं वाटायचं. कधी दोन मिनिटं थांबलं की बरं वाटे. कधी मात्र काहीच न करता, वह्या तपासत बसलेल्या असताना तिथेच तासभर दुखत राही. हृदयाच्या दुखण्याचं नेहमीचं रूप ठरलेलं आहे: छातीच्या मधोमध, श्रमाने सुरू होणारं आणि विश्रांतीने पाच-दहा मिनिटांत ओसरणारं. बाईंच्या तक्रारीत यातल्या काही खुणा होत्या, काही नव्हत्या.

मुलाने आग्रह करून त्यांना एका तपासणी केंद्रात नेलं. तिथल्या पॅकेजमध्ये रक्ताच्या चाचण्या, साधा ईसीजी, हृदयाची सोनोग्राफी म्हणजे इको आणि ट्रेडमिल टेस्ट म्हणजे टीएमटी होती. ईसीजी आणि इको व्यवस्थित आले. टीएमटीच्या अहवालाखाली लिहिलं होतं: श्रमाने उद्भवणाऱ्या इस्केमियासाठी पॉझिटिव्ह, कोरोनरी अँजिओग्राफीचा सल्ला. इस्केमिया म्हणजे हृदयाच्या स्नायूला रक्त कमी पडणं, आणि कोरोनरी अँजिओग्राफी म्हणजे नळी घालून काढलेली हृदयाच्या धमन्यांची प्रतिमा. त्याच दिवशी रक्त पातळ करणारी अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल, नाडी मंदावणारं मेटोप्रोलॉल आणि कोलेस्टेरॉल कमी करणारं स्टॅटिन सुरू झालं आणि दोन दिवसांनंतरची अँजिओग्राफीची तारीखही मिळाली.

तारीख पुढे ढकलून चौथ्या दिवशी हे कुटुंब माझ्याकडे आलं. यजमानांचा पहिला प्रश्न होता, “डॉक्टर, ब्लॉकेज किती टक्के आहे?”

अडचण नेमकी कुठे होती

टीएमटीत धमनी दिसत नाही, त्यामुळे तिच्यात टक्के नसतात. पट्ट्यावर चालताना हृदयाचं काम वाढतं. रक्तपुरवठा अपुरा पडला तर हृदयाच्या स्नायूच्या विद्युत क्रियेत बदल होतो, आणि त्याची एक खूण ईसीजीतला एसटी हा भाग खाली जाण्यात दिसते. ही खूण अप्रत्यक्ष आहे. धमन्या चांगल्या असतानाही ती उमटू शकते आणि धमनी अरुंद असतानाही हुकू शकते.

ती किती वेळा फसवते हे चाचणी कोणाची केली यावर फार अवलंबून असतं. अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलं तेव्हा स्त्रियांमध्ये टीएमटी आजार असलेल्या शंभरांपैकी सुमारे ६१ जणी पकडते आणि आजार नसलेल्या शंभरांपैकी सुमारे ७० जणींना निर्धोक ठरवते. आता बाईंसारख्या एक हजार स्त्रिया घेऊ. वय, मधुमेह आणि तक्रारीचं अर्धवट रूप पाहता त्यांच्यापैकी शंभर जणींना खरोखर धमन्यांचा आजार असेल असं मोजू. त्या शंभरांतल्या ६१ पॉझिटिव्ह येतील. उरलेल्या ९०० निरोगी स्त्रियांपैकी ३० टक्के, म्हणजे २७० जणीही पॉझिटिव्ह येतील. एकूण ३३१ पॉझिटिव्ह, त्यांत खऱ्या ६१. म्हणजे अहवाल हातात पडल्यावरही आजार असण्याची शक्यता जेमतेम १८ टक्के.

याच जागी साठीचा, विडी ओढणारा, छातीत मधोमध ठरावीक अंतर चाललं की दुखणारा पुरुष असता, तर चाचणीआधीच शक्यता पन्नास टक्क्यांच्या आसपास धरावी लागली असती आणि पॉझिटिव्ह अहवालाने ती पाऊणशे टक्क्यांवर गेली असती. दोघांच्या कागदावर शब्द मात्र एकच छापला जातो.

तरीही १८ टक्के म्हणजे शून्य नव्हे. मधुमेह असलेल्या बाईंना ‘काही नाही, घरी जा’ म्हणून सोडणं चुकीचं ठरलं असतं. त्यांना अँजिओग्राफीच्या टेबलावर न नेता या शंकेचा निकाल लावायचा होता.

मूळ आलेख वाचताना

अहवालाचं पहिलं पान यंत्राने काढलेल्या सरासरीचं असतं. सुबक, स्वच्छ, आकड्यांसह. मी ते बाजूला ठेवून मागच्या, प्रत्यक्ष ठोक्यांच्या पट्ट्या मागवल्या. यंत्र सरासरी काढतं तेव्हा हलणाऱ्या रेषेतूनही कधीकधी एसटी खाली गेल्याचं चित्र तयार होतं, आणि ते मूळ पट्टीशी ताडल्याशिवाय कळत नाही.

चाचणी ब्रूस पद्धतीने झाली होती. यात दर तीन मिनिटांनी पट्ट्याचा वेग आणि चढ दोन्ही वाढतात: सुरुवात ताशी २.७ किलोमीटर आणि १० टक्के चढाने, तिसऱ्या टप्प्यात ताशी साडेपाच किलोमीटर आणि १४ टक्के चढ. बाई साडेसात मिनिटं चालल्या. नाडी १४८ पर्यंत गेली. २२० मधून वय वजा केलं की १६८, त्याचे ८५ टक्के १४३, म्हणजे अपेक्षित गती गाठली होती. रक्तदाब १३० वरून १७८ वर गेला, म्हणजे जसा वाढायला हवा तसा वाढला. छातीत दुखलं नाही, पाय थकले म्हणून थांबल्या.

ईसीजीतली प्रत्येक लीड हृदयाकडे एका ठरावीक कोनातून पाहते. एसटी दोन, तीन आणि एव्हीएफ या खालच्या बाजूच्या लीड्समध्ये दीड मिलिमीटर खाली होता. व्ही ५ मध्ये तो जेमतेम एक मिलिमीटर खाली, आणि तिथून हळूहळू वर चढणारा. थांबल्यावर मिनिटभरात सगळं पूर्ववत.

हे बारकाव्याने पाहायला हवं. सलग तीन ठोक्यांत एसटी किमान एक मिलिमीटर खाली, आणि आडवा किंवा आणखी खाली उतरणारा असेल तर तो खरा पॉझिटिव्ह धरतात. वर चढत जाणाऱ्या एसटीला तेवढं वजन नसतं. टीएमटीत सर्वाधिक भरवशाची लीड व्ही ५. फक्त खालच्या लीड्समधला बदल जास्त फसवा असतो, कारण नाडी वेगाने चालू लागली की हृदयाच्या वरच्या कप्प्यांची विद्युत लहर याच लीड्समध्ये एसटीवर चढते आणि त्याला खाली ओढते. बाईंच्या पट्टीत वरच्या कप्प्यांच्या पी लहरीनंतरची रेषाही तशीच उतरती दिसत होती. बदल मिनिटात नाहीसा होणं हेही दिलासा देणारं होतं. खरा आणि मोठा इस्केमिया असला तर विश्रांतीच्या काळात बदल पाच-सात मिनिटं रेंगाळतो, कधी उलट वाढतो.

मग मी विचारलं, “बाई, तुम्ही चालल्या कशा?”

“साडी नेसूनच की. पायात काही नव्हतं. पडेन म्हणून दांडी घट्ट धरून ठेवली होती.”

या एका उत्तराने दोन गोष्टी सुटल्या. दांडी घट्ट धरली की दंडाच्या स्नायूंचा खडखडाट ईसीजीत येतो आणि रेषा डोलू लागते. शिवाय अंगाचा भार हातांवर गेल्याने माणूस आपल्या ताकदीपेक्षा जास्त वेळ चालतो, म्हणजे साडेसात मिनिटं हा आकडाही थोडा फुगलेला होता.

तरी आहे त्या आकड्यांवर ड्यूक गुणांक, म्हणजे टीएमटीवरून हृदयाचा धोका मोजणारा आकडा, काढला. हिशेब सोपा आहे: चाललेली मिनिटं, त्यातून एसटी जितके मिलिमीटर खाली गेला त्याची पाचपट वजा, आणि छातीत दुखलं असेल तर त्याची चौपट वजा. न दुखल्यास शून्य, दुखल्यास एक, दुखण्यामुळे थांबावं लागल्यास दोन. बाईंचे ७.५ वजा ७.५ वजा ०, म्हणजे शून्य. अधिक पाच किंवा वर असेल तर धोका कमी, उणे अकरा किंवा खाली असेल तर जास्त. बाई मधल्या गटात होत्या, आणि प्रतिमा दाखवणारी चाचणी सर्वाधिक उपयोगी पडते ती याच गटात.

त्याच फाइलचं तिसरं पान

हृदयाच्या कागदांखाली त्याच पॅकेजचा रक्ताचा अहवाल होता. हिमोग्लोबिन ९.१. कोणी त्याकडे पाहिलं नव्हतं, कारण टीएमटीच्या अहवालाने सगळ्यांचं लक्ष वेधून घेतलं होतं. विचारल्यावर कळलं की वर्षभर पाळी अनियमित होती, आठ-आठ दिवस जास्त रक्तस्राव व्हायचा. ‘या वयात होतंच’ म्हणून त्या कोणाला बोलल्या नव्हत्या. अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल सुरू झाल्यावर पाळी आली होती आणि या वेळी थांबत नव्हती.

जिन्यावरच्या दमाला आता दुसरं, साधं कारण समोर होतं. रक्तात प्राणवायू वाहून नेणारं द्रव्यच कमी असलं की हृदय जास्त धावतं, आणि अशा अवस्थेत एसटीही खाली जाऊ शकतो.

पर्याय

पाच वाटा विचारात घेतल्या.

थेट अँजिओग्राफी. कुटुंबाला हीच सगळ्यात खात्रीची वाटत होती. पण तिच्यात गंभीर गुंतागुंत हजारात एक-दोघांना होते. शक्यता १८ टक्के, धोक्याच्या खुणा नाहीत आणि रक्तस्राव सुरू, अशा वेळी एवढी जोखीमही विनाकारण होती.

सीटी अँजिओग्राफी. हा पर्याय मला पूर्ण मान्य होता. युरोपीय मार्गदर्शक सूचनांनी २०१९ मध्ये अशा रुग्णांसाठी साध्या टीएमटीऐवजी सीटी किंवा प्रतिमा-चाचणीच आधी सुचवली. धमनीत साठलेला थरही तिच्यात दिसतो, अगदी अडथळा नसला तरी. मात्र त्यासाठी पुण्याला जावं लागणार होतं, नाडी साठीच्या आसपास आणावी लागते आणि शिरेतून आयोडीनचं औषध द्यावं लागतं.

थॅलियम टेस्ट. लोक अजून हेच नाव घेतात, पण आता बहुतेक ठिकाणी त्यासाठी टेक्नेशियम वापरतात. श्रमात आणि विश्रांतीत स्नायूला रक्त कुठे कमी पोहोचतं ते तिच्यात दिसतं. किरणोत्सर्गाची मात्रा लहान असते, पण असते. स्त्रियांमध्ये स्तनाच्या सावलीमुळे पुढच्या भिंतीत खोटा डाग दिसू शकतो. तो ओळखायला अनुभवी नजर लागते.

स्ट्रेस इको. आधी इको, मग पट्ट्यावर चालणं आणि लगेच पुन्हा इको. रक्त कमी पडलं की आधी स्नायूचा पुरवठा घटतो, मग त्या भागाचं आकुंचन मंदावतं, त्यानंतर ईसीजी बदलतो आणि छातीत दुखणं सगळ्यात शेवटी येतं. इको ही साखळी ईसीजीच्या आधीच्या कडीवर पकडतो. किरण नाहीत, औषध टोचणं नाही, गावाजवळ उपलब्ध. अट एवढीच की छातीतून प्रतिमा स्वच्छ दिसायला हवी.

पाचवा पर्याय: दोन महिने लोह देऊन हिमोग्लोबिन वाढवायचं आणि मगच पुन्हा तपासायचं.

काय केलं

पहिल्याच भेटीत अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल बंद केलं. बाईंना झटका आला नव्हता, स्टेंट नव्हता आणि आजारही सिद्ध झालेला नव्हता, तर रक्तस्राव समोर चालू होता. स्टॅटिन चालू ठेवलं, कारण चाळिशी ओलांडलेल्या मधुमेहींना ते टीएमटीचा निकाल काहीही असला तरी द्यायचं असतं. मेटोप्रोलॉल चाचणीआधी दोन दिवस थांबवलं. ते चालू असतं तर नाडी वर गेलीच नसती आणि ‘सामान्य’ निकालालाही काही अर्थ उरला नसता.

पाचव्या पर्यायावर बराच विचार केला. शास्त्रीय दृष्ट्या तो सगळ्यात स्वच्छ होता. पण आधीच्या अहवालाने घर हादरलं होतं. बाईंनी शाळेत जाणं सोडलं होतं, यजमान रात्री त्यांचा श्वास पाहत जागे राहत होते. हिमोग्लोबिन ९ असताना स्थिर रुग्णाची चाचणी करायला हरकत नसते. म्हणून रक्तस्राव थांबल्यावर चार-पाच दिवसांनी स्ट्रेस इको ठरवला.

तयारीला वेळ दिला. बाई सलवार-कमीज आणि बूट घालून आल्या. पट्टा बंद असताना तंत्रज्ञाने इकोची खाट पट्ट्याला लागूनच ओढली आणि बाईंकडून एक रंगीत तालीम करून घेतली: पट्टा थांबला की एक पाऊल, खाटेवर डाव्या कुशीवर, डावा हात डोक्याखाली, श्वास सोडून धरायचा. ही तालीम फार महत्त्वाची असते. पट्टा थांबल्यापासून साधारण एक-दीड मिनिटात चारही बाजूंच्या प्रतिमा मिळाल्या नाहीत तर नाडी उतरते, मंदावलेली भिंत पुन्हा नीट हलू लागते आणि आजार नजरेतून निसटतो. त्याच वेळी विश्रांतीतल्या प्रतिमाही पाहून घेतल्या. चारही बाजू स्वच्छ होत्या.

या वेळी दांडीवर फक्त बोटं टेकवायला सांगितलं. बाई सहा मिनिटं चाळीस सेकंद चालल्या, नाडी १५१. दम लागला, छातीत दुखलं नाही. खालच्या लीड्समध्ये एसटी पुन्हा दीड मिलिमीटर खाली गेला. खोलीत आलेल्या मुलाचा चेहरा पडद्याकडे बघून उतरला.

खाटेवर आल्यावर पन्नासेक सेकंदांत प्रतिमा हाती आल्या. आधीच्या आणि नंतरच्या प्रतिमा शेजारी-शेजारी फिरवल्या. डाव्या कप्प्याची प्रत्येक भिंत श्रमानंतर अधिक जोराने आत येत होती, कप्पा लहान झाला होता, पंपिंग साठ टक्क्यांवरून सत्तरच्या वर गेलं होतं. एकही भाग मागे राहिला नव्हता. ईसीजी जे सुचवत होता त्याला हृदयाच्या हालचालीत कुठेच आधार नव्हता.

निष्पत्ती

अँजिओग्राफी झाली नाही. मेटोप्रोलॉल पुन्हा सुरू केलं नाही. सोनोग्राफीत गर्भाशयात गाठी निघाल्या, स्त्रीरोगतज्ज्ञांनी उपचार सुरू केले, सोबत लोहाच्या गोळ्या. तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन ११.८ झालं आणि जिन्यावरचा दम गेला. बसल्या जागी होणारं डावीकडचं दुखणं अधूनमधून राहिलं. ते बरगडीच्या सांध्यावर बोट दाबलं की नेमकं उमटत होतं.

सामान्य स्ट्रेस इकोनंतर पुढच्या वर्षभरात हृदयाचा मोठा प्रसंग घडण्याचा धोका साधारणपणे एक टक्क्याहून कमी असतो. मधुमेह असला तर तो थोडा जास्त धरावा. ही चाचणी धमन्या स्वच्छ असल्याचा दाखला मात्र देत नाही, कारण रक्त न अडवणारा थर तिच्यात दिसत नाही. म्हणूनच स्टॅटिन, साखर आणि रक्तदाब यांत सूट नाही, हे बाईंना समजावलं.

रुग्ण वेगळी असती तर

निर्णय कुठे वळले असते हे पाहिलं की निवडीचं तर्कशास्त्र उघड होतं. समजा बाई तीनच मिनिटांत छातीतल्या कळेने थांबल्या असत्या आणि एसटी तीन मिलिमीटर खाली असता. ड्यूक गुणांक ३ वजा १५ वजा ८, म्हणजे उणे वीस. तिथे स्ट्रेस इको करत बसणं म्हणजे नुसता उशीर, थेट अँजिओग्राफीच हवी. चालताना रक्तदाब वाढायच्या ऐवजी पडला असता तरी तेच.

मूळ ईसीजीतच डावा बंडल ब्रँच ब्लॉक म्हणजे डाव्या कप्प्याकडे जाणारी विद्युत वाट अडलेली असती, पेसमेकरचे ठोके असते, डब्ल्यूपीडब्ल्यू हा जादा विद्युत वाटेचा दोष असता किंवा एसटी आधीच मिलिमीटरभर खाली असता, तर साधी टीएमटी करायलाच नको होती. त्या आलेखावर नवा बदल वाचता येत नाही. डिगॉक्सिन हे हृदयाचं औषध घेणाऱ्यांचंही तसंच. त्यातही डावा ब्लॉक असेल तर चालवून केलेल्या थॅलियममध्ये मधल्या पडद्यात खोटा डाग येतो, म्हणून तिथे अ‍ॅडेनोसिनसारखं रक्तवाहिन्या रुंदावणारं औषध देऊन चाचणी करतात. दमा असला तर अ‍ॅडेनोसिन टाळतात. गुडघ्यांमुळे चालताच येत नसेल तर डोब्युटामिन टोचून हृदयाचा वेग वाढवून इको करतात. आपल्याकडे गुडघेदुखीचे कितीतरी रुग्ण पट्ट्यावर चार मिनिटं ओढत चालवले जातात आणि नाडी ११० वर असताना ‘निगेटिव्ह’ लिहिलं जातं. तो निकाल खरं तर अपुरा असतो आणि तसंच लिहिलं पाहिजे.

वेगळं काय करता आलं असतं

पहिली टीएमटी करणं मला चूक वाटत नाही. ईसीजी सामान्य, चालता येणारी स्त्री, तक्रार आहे. टीएमटीने सुरुवात केली की इमेजिंगने, याने दोन वर्षांतल्या परिणामांत फरक पडला नाही असं अमेरिकेत २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ८२४ स्त्रियांवरच्या चाचणीत दिसलं होतं. पण पट्ट्यावर उभं करण्याआधी हिमोग्लोबिन पाहायला हवं होतं. ते त्याच केंद्रात, त्याच सकाळी काढलं गेलं होतं. दम लागणाऱ्या पन्नाशीच्या स्त्रीला पाळीबद्दल विचारायलाही एक मिनिट लागतं.

अहवालात फक्त ‘पॉझिटिव्ह’ न लिहिता किती मिनिटं, कोणत्या लीड्समध्ये, आडवा की चढता, किती वेळात पूर्ववत, दुखलं का आणि ड्यूक गुणांक किती, एवढं लिहिलं असतं तर पुढच्या डॉक्टरला निर्णय सोपा गेला असता. आणि रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्या एका शंकेवर एकत्र सुरू व्हायला नको होत्या. या प्रकरणात प्रत्यक्ष नुकसान झालं ते त्यांनीच.

माझ्या बाजूने एक प्रश्न उरतो. हिमोग्लोबिन सुधारल्यावर टीएमटी पुन्हा केली असती तर एसटी खाली गेला असता का? दोष अ‍ॅनिमियाचा होता की खालच्या लीड्सच्या त्या जुन्या खोडीचा, हे त्याने कळलं असतं. बाईंच्या उपचारात मात्र त्याने काही बदललं नसतं, म्हणून केली नाही. त्यांच्या फाइलवर पहिल्याच पानावर नोंद आहे: श्रमात खालच्या लीड्समध्ये एसटी खाली जातो, स्ट्रेस इको सामान्य, पुढे कधी तक्रार आलीच तर साधी टीएमटी करू नये, इमेजिंगनेच तपासावं.